पॅनेलची पाठ पाहून घ्या

घरावर सोलर बसवायचे ठरले की पंधरा दिवसांत दोन-तीन कोटेशन हातात येतात. एकावर लिहिलेले असते ‘मोनो पर्क, ५४५ वॉट’, दुसऱ्यावर ‘एन-टाइप टॉपकॉन, ५८० वॉट’. दोन्ही पॅनेल बहुधा एकाच मापाची असतात: लांबी २२७८ मिलिमीटर, रुंदी ११३४ मिलिमीटर, आत १४४ अर्धे सेल. गच्चीवर चढवल्यावर खालून पाहणाऱ्याला फरक कळणारही नाही. सोबतच्या ब्रोशरमध्ये मात्र बारीक टायपातले आकडे पानभर असतात. विक्रेता त्यातला वॉटचा आकडा बोटाने दाखवतो, ‘ही नवीन टेक्नॉलॉजी आहे’ म्हणतो आणि पान उलटतो.

ते पान उलटू देऊ नये असे मला वाटते. पर्क आणि टॉपकॉन यांच्यातला सगळा फरक सेलच्या पाठीमागच्या, डोळ्यांना न दिसणाऱ्या थरांत आहे, आणि ब्रोशरवरचे चार-पाच महत्त्वाचे आकडे त्या एकाच फरकातून निघतात. तो समजला की आकडे पाठ करावे लागत नाहीत. एखादा आकडा चुकीचा छापला असेल, तर तोही बाकीच्यांशी न जुळणारा म्हणून लगेच डोळ्यात भरतो.

सेलमध्ये काय घडते ते आधी पाहू. सिलिकॉनच्या पातळ चकतीवर ऊन पडले की त्यातला इलेक्ट्रॉन आपल्या जागेवरून सुटतो आणि मागे रिकामी जागा राहते, तिला होल म्हणतात. इलेक्ट्रॉन एका बाजूच्या धातूपर्यंत पोचला आणि होल दुसऱ्या बाजूला पोचले तर वीज मिळाली. वाटेतच इलेक्ट्रॉन एखाद्या होलमध्ये जाऊन पडला तर ती ऊर्जा उष्णता होऊन वाया गेली. हे वाया जाणे सिलिकॉनच्या आत थोडे होते, पृष्ठभागावर खूप होते आणि जिथे धातू थेट सिलिकॉनला टेकतो तिथे सर्वांत जास्त होते. पृष्ठभागावरच्या अणूंना पुढे शेजारी नसतो, त्यांचे बंध उघडे राहतात, आणि ते उघडे बंध येणाऱ्या-जाणाऱ्या इलेक्ट्रॉनला पकडतात. मातीच्या पाटातून शेवटच्या वाफ्यापर्यंत पाणी नेताना निम्मे वाटेतच मुरते, तसा हा प्रकार. पाटाला अस्तर केले की मुरणे थांबते. सेलच्या पृष्ठभागाला असे अस्तर करण्याला पॅसिव्हेशन म्हणतात.

पंधरा-वीस वर्षांपूर्वीच्या पॅनेलमध्ये सेलची पाठ जवळजवळ पूर्णच ॲल्युमिनियमने माखलेली असे. बनवायला सोपे आणि स्वस्त, पण सगळी पाठ धातूला टेकलेली, म्हणजे सगळी पाठ मुरणारी. सिडनीच्या न्यू साउथ वेल्स विद्यापीठात मार्टिन ग्रीन यांच्या गटाने यावर उपाय शोधला. अँड्र्यू ब्लेकर्स आणि सहकाऱ्यांनी १९८९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात असा सेल २२.८ टक्के कार्यक्षमतेपर्यंत पोचल्याचे नोंदवले होते. तोच पर्क. प्रयोगशाळेतून कारखान्यात मोठ्या प्रमाणावर यायला त्याला पुढची पंचवीस वर्षे लागली. या कामासाठी ग्रीन, ब्लेकर्स, जियानहुआ झाओ आणि आयहुआ वांग यांना २०२३ चे क्वीन एलिझाबेथ अभियांत्रिकी पारितोषिक मिळाले.

पर्कची युक्ती अशी. सेलच्या पाठीवर आधी ॲल्युमिनियम ऑक्साइडचा काही नॅनोमीटरचा थर द्यायचा आणि त्यावर सिलिकॉन नायट्राइडचा. ॲल्युमिनियम ऑक्साइडमध्ये ऋण प्रभार अडकून राहतो. तो पाठीकडे येणाऱ्या इलेक्ट्रॉनांना मागे ढकलतो, त्यामुळे ते धोक्याच्या पृष्ठभागापर्यंत पोचतच नाहीत. पण विजेचे मंडळ पूर्ण व्हायचे तर धातूला सिलिकॉनपर्यंत कुठेतरी पोचावेच लागते. म्हणून लेसरने त्या थरांत बारीक रेषा किंवा ठिपके उघडतात, आणि ॲल्युमिनियम फक्त तेवढ्याच जागी सिलिकॉनला टेकते. पाठीचा बहुतेक भाग आता अस्तराखाली असतो. शिवाय आरपार जाऊ पाहणारा तांबूस प्रकाश त्या थरावरून परत सिलिकॉनमध्ये फिरतो आणि त्याचाही उपयोग होतो.

उणीव राहिली ती उघड्या रेषांची. क्षेत्रफळ थोडे, पण मुरणे सर्वांत जास्त तिथेच. अस्तर मोठे केले तर धातूचा संपर्क कमी पडतो, संपर्क वाढवला तर अस्तर फाटते, या ओढाताणीत पर्कची प्रगती अडकली.

जर्मनीतल्या फ्रायबुर्ग शहरातल्या फ्राउनहोफर सौरऊर्जा संस्थेत फ्रांक फेल्डमान आणि सहकाऱ्यांनी २०१३ च्या सुमारास ही ओढाताण सोडवून दाखवली. त्यांनी पाठीवर सिलिकॉन ऑक्साइडचा, म्हणजे काचेच्याच जातीचा, एक ते दोन नॅनोमीटरचा थर दिला. हा थर विजेचा रोधक आहे, पण जाडी मोजक्या अणूंची. एवढ्या पातळ भिंतीतून इलेक्ट्रॉन पलीकडे जाऊ शकतो. रोजच्या अनुभवात न बसणारा हा पुंजभौतिकीचा नियम आहे आणि त्याला टनेलिंग म्हणतात. त्या ऑक्साइडवर फॉस्फरस मिसळलेल्या पॉलिसिलिकॉनचा साधारण शंभर नॅनोमीटरचा थर येतो. तो इलेक्ट्रॉनांना ओढून घेतो आणि होलना अडवतो. चांदीच्या रेषा या पॉलिसिलिकॉनवर छापतात. धातू मूळ चकतीला कुठेच टेकत नाही. पाठ पूर्ण अस्तराखाली आणि संपर्कही पूर्ण, असे दोन्ही एकदम साधले. हाच टॉपकॉन.

दुसरा फरक चकतीचा. पर्कची चकती पी-टाइप असते. तिच्यात पूर्वी बोरॉन मिसळत, आता बहुतेक कारखाने गॅलियम मिसळतात. टॉपकॉनची चकती एन-टाइप, फॉस्फरस मिसळलेली. बोरॉन आणि सिलिकॉनमध्ये राहिलेला ऑक्सिजन यांची उन्हात जोडी जमते आणि ती जोडी इलेक्ट्रॉन पकडू लागते. त्यामुळे बोरॉनच्या पॅनेलची शक्ती पहिल्या काही दिवसांच्या उन्हातच थोडी उतरते. एन-टाइप चकतीत हा प्रश्न येत नाही.

आता ब्रोशरकडे या. वॉटचा आकडा बाजूला ठेवून ‘ओपन सर्किट व्होल्टेज’ ही ओळ शोधा. पॅनेलला काहीही न जोडता, उन्हात, त्याच्या दोन टोकांत मिळणारे हे व्होल्टेज आहे. सेलमध्ये मुरणे जितके कमी तितके ते जास्त. अस्तर किती चांगले जमले आहे याचा यापेक्षा सरळ पुरावा ब्रोशरवर दुसरा नाही. १४४ अर्ध्या सेलच्या पॅनेलमध्ये ७२-७२ सेलच्या दोन माळा समांतर जोडलेल्या असतात, म्हणून व्होल्टेजला ७२ ने भागायचे. ५४५ वॉटच्या पर्क पॅनेलवर साधारण ४९.५ व्होल्ट लिहिलेले असतात, म्हणजे सेलमागे ०.६९ व्होल्ट. टॉपकॉनवर ५१ ते ५२ व्होल्ट, म्हणजे ०.७१ ते ०.७२. फरक दोन-तीन शतांश व्होल्टचा दिसतो, पण पाठीच्या सगळ्या कारागिरीचे फळ त्यात आहे. ‘टॉपकॉन’ लिहिलेल्या पॅनेलचा भागाकार ०.६९ आला तर पुढे बोलण्याआधी विक्रेत्याला विचारावे.

पुढची ओळ ‘टेम्परेचर कोएफिशंट ऑफ पीमॅक्स’. सेल एक अंश सेल्सिअसने तापला की शक्ती किती टक्के उतरते ते ही ओळ सांगते. पर्कमध्ये ती उणे ०.३५ च्या आसपास असते, टॉपकॉनमध्ये उणे ०.३० किंवा ०.२९. हा फरकही व्होल्टेजमधूनच येतो: मुळात व्होल्टेज जास्त असलेल्या सेलचे तापल्यावर होणारे नुकसान कमी असते. पॅनेलचा वॉट कारखान्यात मोजतात तेव्हा सेल २५ अंशांवर असतो. आपल्याकडे दुपारच्या उन्हात तो तसा कधीच नसतो, म्हणून महाराष्ट्रात ही ओळ महत्त्वाची.

अकोल्यातल्या एका घराची कल्पना करून हिशेब मांडू. मे महिना, दुपारचा एक, सावलीतले तापमान ४२ अंश, ऊन भरपूर म्हणजे चौरस मीटरला १००० वॉट. ब्रोशरवर ‘नॉमिनल ऑपरेटिंग सेल टेम्परेचर’ म्हणून ४५ अंश दिलेले असते. ते २० अंश हवा आणि ८०० वॉट उन्हासाठीचे आहे, म्हणजे ८०० वॉटला हवेपेक्षा २५ अंश जास्त, आणि त्याच प्रमाणात १००० वॉटला सुमारे ३१ अंश जास्त. ४२ मध्ये ३१ मिळवले की सेल ७३ अंशांवर. २५ च्या वर ४८ अंश झाले. पर्कची शक्ती ४८ गुणिले ०.३५, म्हणजे १६.८ टक्के उतरेल. टॉपकॉनची ४८ गुणिले ०.३०, म्हणजे १४.४ टक्के. ३ किलोवॉटची पर्क यंत्रणा त्या क्षणी सुमारे २५०० वॉट देईल आणि टॉपकॉन सुमारे २५७० वॉट. फरक ७० वॉटचा, जवळजवळ तीन टक्के. पॅनेल पत्र्याला अगदी चिकटवून लावली असतील आणि खालून हवा खेळत नसेल तर दोन्ही यापेक्षाही जास्त तापतील.

पण वर्षभर मे नसतो. डिसेंबरच्या सकाळी हाच फरक एक टक्क्याच्या आसपास किंवा त्याहून कमी असतो. वर्षाची सरासरी दीड टक्का धरणे रास्त. ‘उन्हाळ्यात दहा टक्के जास्त वीज’ असे कोणी सांगत असेल तर ब्रोशरवरचे आकडेच ते खोडून काढतात.

तिसरी ओळ वॉरंटीच्या आलेखाखाली असते. पर्कची नेहमीची वॉरंटी पहिल्या वर्षी २ टक्के घट आणि पुढे वर्षाला ०.५५ टक्के, म्हणजे २५ व्या वर्षाअखेर ८४.८ टक्के शक्ती शिल्लक. दोन्ही बाजूंना काच असलेल्या काही पर्क पॅनेलना वर्षाला ०.४५ टक्क्यांची वॉरंटी मिळते. टॉपकॉनची पहिल्या वर्षी १ टक्का, पुढे ०.४ टक्के, म्हणजे ३० व्या वर्षाअखेर ८७.४. पहिल्या वर्षातला फरक बोरॉन-ऑक्सिजनच्या त्या जुन्या दुखण्यातून आला आहे. गॅलियम आल्यावर पर्कचे ते दुखणे बरेच कमी झाले, वॉरंटीचा आकडा मात्र बहुतेक कंपन्यांनी तोच ठेवला. म्हणून या ओळीतला फरक मी थोडा सावधपणे वाचतो. वॉरंटी हे कंपनीने दिलेले वचन आहे, गच्चीवर घेतलेले मोजमाप नव्हे.

चौथी ओळ बायफेशियलची, आणि सर्वाधिक गैरसमज हिच्याभोवती आहेत. पाठीवर धातू फक्त बारीक रेषांत छापला असेल तर मागूनही प्रकाश आत जाऊ शकतो. पर्कची पाठ पुढच्या बाजूच्या सुमारे ७० टक्के कामाची असते, टॉपकॉनची सुमारे ८० टक्के. याचा अर्थ ८० टक्के जादा वीज असा नाही. समजा पॅनेलवर पुढून १००० वॉट ऊन पडते आणि खालच्या फरशीवरून उसळून मागे १०० वॉट पोचते. टॉपकॉन त्यातल्या ८० वॉटइतक्याचा उपयोग करील, पर्क ७० वॉटइतक्याचा. जादा वीज अनुक्रमे ८ आणि ७ टक्के. दोन तंत्रांमधला फरक एक टक्का, तोही मागे १०० वॉट पोचले तर. त्यासाठी पॅनेल गच्चीपासून चांगली उंच हवीत आणि खाली पांढरा चुना किंवा पांढरे वॉटरप्रूफिंग हवे. पत्र्यावर आडवी टाकलेली बायफेशियल पॅनेल मागून जवळजवळ काहीच देत नाहीत. ब्रोशरवर ‘मागून ५, १५, २५ टक्के लाभ’ असा तक्ता असतो आणि त्यात ५८० चे ६६७ किंवा ७२५ वॉट झालेले दिसतात. तो तक्ता फक्त गुणाकार आहे. कोटेशनमध्ये त्यातला आकडा किलोवॉट म्हणून धरला असेल तर तो खोडायला लावावा.

‘हाफ-कट’, ‘मल्टी बसबार’, ‘१६ बसबार’ हे शब्द ठळक छापलेले असतात. ते दोन्ही प्रकारांत मिळतात आणि दोन्हींत उपयोगी आहेत. पर्क की टॉपकॉन हे ठरवायला त्यांची मदत नाही.

मग ५४५ आणि ५८० या आकड्यांचे काय? पॅनेलचे क्षेत्रफळ २.५८ चौरस मीटर आहे. २५८० वॉट उन्हातून ५४५ वॉट म्हणजे २१.१ टक्के कार्यक्षमता, ५८० म्हणजे जवळजवळ २२.५ टक्के. हा फरक खरा आहे, पण त्याचा फायदा जागेत मिळतो. ३ किलोवॉटची पर्क यंत्रणा आणि ३ किलोवॉटची टॉपकॉन यंत्रणा कारखान्यातल्या परीक्षेत सारखीच वीज देतात. टॉपकॉनला गच्ची थोडी कमी लागते, स्टँडचे लोखंड थोडे कमी लागते, इतकेच. गच्चीवर पाण्याची टाकी, जिन्याची खोली आणि शेजारच्या इमारतीची सावली यांनी जागा खाल्ली असेल आणि सहाच पॅनेल बसणार असतील तर मात्र गोष्ट वेगळी. सहा पर्क म्हणजे ३.२७ किलोवॉट, सहा टॉपकॉन ३.४८. किलोवॉटला दिवसाला चार युनिट धरले तर २१० वॉटचे वर्षाला तीनशेच्या आसपास युनिट जास्त. जागा भरपूर असेल तर दर प्लेटला किती हे न विचारता वॉटला किती रुपये ते विचारा आणि दोन्ही कोटेशन त्याच मापाने मोजा.

आता अकोल्याच्या घराचा पैशांचा हिशेब पुरा करू. ३ किलोवॉट, दिवसाला १२ युनिट, वर्षाला सुमारे ४४०० युनिट. टॉपकॉनचा फायदा उष्णतेमुळे दीड टक्का, त्यात वॉरंटीच्या घटीतला फरक मिळवायचा: पहिल्या वर्षी एक टक्का, दहाव्या वर्षी अडीच टक्के. म्हणजे सुरुवातीला अडीच, दहाव्या वर्षी चार, सरासरी सव्वातीन टक्के धरा. वर्षाला सुमारे १४० युनिट झाले. युनिटला दहा रुपये धरले तर वर्षाला १४०० रुपये, दहा वर्षांत १४ हजार. ३००० वॉटने भागले की वॉटमागे साडेचार रुपये. पैसे आज द्यायचे आणि फायदा दहा वर्षांत हळूहळू मिळायचा, शिवाय वॉरंटीचे आकडे मी जसेच्या तसे धरले आहेत. म्हणून अशा घराने टॉपकॉनसाठी वॉटमागे तीन रुपयांपर्यंत जास्त द्यायला हरकत नाही, त्यापलीकडे घासाघीस करावी असे माझे मत आहे. ज्यांचा वीजवापरच कमी आहे आणि वाचणारा युनिट खालच्या टप्प्यातला, स्वस्त आहे, त्यांच्यासाठी ही मर्यादा आणखी खाली येते. किमती सारख्या असतील तर टॉपकॉन घ्यावे, त्यात विचार करण्यासारखे काही उरत नाही. २०२४ पर्यंत जगभरच्या उत्पादनात टॉपकॉनने पर्कला मागे टाकले होते, त्यामुळे दोघांमधली दरी अनेक ठिकाणी कमी झालेली आढळेल.

सरकारी अनुदान घेणाऱ्यांनी आणखी एक तपासायला हवे. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या पंतप्रधान सूर्यघर योजनेत ३ किलोवॉटला ७८ हजार रुपये अनुदान आहे, पण त्यासाठी डीसीआर पॅनेल लागतात, म्हणजे सेल आणि पॅनेल दोन्ही भारतात बनलेले. भारतातले सेलचे कारखाने आधी प्रामुख्याने पर्कचे उभे राहिले, म्हणून अनुदानाच्या कोटेशनमध्ये मोनो पर्क बराच काळ दिसत राहिले. ब्रोशर परदेशी सेलच्या टॉपकॉनचे आणि कोटेशन डीसीआरचे, असे होऊ शकते. कोटेशनवर कंपनीच्या नावासोबत पूर्ण मॉडेल नंबर लिहून घ्यावा आणि तो नंबर हातातल्या ब्रोशरवर सापडतो का ते पाहावे.

टॉपकॉनची दुसरी बाजू ब्रोशरवर छापलेली नसते, म्हणून ती इथे सविस्तर सांगतो. त्याची पाठ मजबूत झाली, पण पुढची बाजू नाजूक आहे. पुढच्या बाजूला चांदी आणि थोडे ॲल्युमिनियम असलेल्या पेस्टच्या रेषा छापतात, आणि या रेषा ओलावा व आम्लापुढे पर्कच्या रेषांपेक्षा लवकर हार मानतात. पॅनेलमध्ये सेल काचेला चिकटवायला जो पारदर्शक थर असतो तो पूर्वीपासून ईव्हीए नावाच्या प्लास्टिकचा आहे. ओलावा आणि उष्णतेत ईव्हीएमधून हळूहळू ॲसेटिक आम्ल, म्हणजे व्हिनेगरमधले आम्ल, सुटते. ते धातूच्या रेषा खाऊ लागते, संपर्क कमजोर होतो आणि पॅनेलची शक्ती उतरते. यावरचा उपाय कारखान्यांना माहीत आहे: पाठीला प्लास्टिकच्या शीटऐवजी काच, म्हणजे ओलावा आत येण्याची वाट बंद, आणि ईव्हीएऐवजी पीओई नावाचा थर, ज्यातून आम्ल सुटत नाही. दोन ईव्हीएमध्ये एक पीओई अशी तिहेरी शीटही वापरतात, तिला ईपीई म्हणतात. रत्नागिरी, मालवण, पणजी अशा दमट, खाऱ्या हवेतल्या घराने टॉपकॉन घेताना दोन्ही बाजूंना काच आणि निदान पुढच्या बाजूला पीओई किंवा ईपीई आहे का, हे विचारलेच पाहिजे. पाठीला प्लास्टिक शीट आणि आत नुसता ईव्हीए असलेले स्वस्त टॉपकॉन कोकणात घेण्यापेक्षा, दोन्ही बाजूंना काच असलेले पर्क मी पसंत करीन.

दोन काचांना त्यांची स्वतःची किंमत आहे. एका काचेच्या पॅनेलमध्ये ती ३.२ मिलिमीटरची, पूर्ण टेम्पर केलेली असते. दोन काचांच्या पॅनेलमध्ये प्रत्येक काच बहुधा २ मिलिमीटरची आणि तितकी कडक न केलेली असते. अशा मोठ्या पॅनेलच्या काचा कारण न दिसता तडकल्याच्या घटना अनेक देशांतल्या सौर प्रकल्पांत नोंदल्या गेल्या आहेत. म्हणून क्लॅम्प कुठे लावायचे आणि किती घट्ट आवळायचे हे कंपनीच्या इन्स्टॉलेशन मॅन्युअलप्रमाणेच व्हायला हवे. बसवणारी मुले पॅनेलवर पाय देऊन चढत असतील तर तिथेच थांबवावे.

दुसरा धोका अतिनील किरणांचा. पृष्ठभागावरचे उघडे बंध बंद करायला पॅसिव्हेशनमध्ये हायड्रोजनचा मोठा वाटा असतो. अतिनील किरण ते हायड्रोजनचे बंध तोडू शकतात आणि अस्तर पुन्हा गळू लागते. स्वतंत्र प्रयोगशाळांच्या दीर्घ चाचण्यांत काही टॉपकॉन पॅनेलची शक्ती अनेक टक्क्यांनी उतरली, तर काहींची जवळजवळ तशीच राहिली. म्हणजे तंत्र एकच, पण पुढच्या थरांची कारागिरी कंपनीगणिक वेगळी. आयईसी ६१२१५ या नेहमीच्या मानकाच्या परीक्षेत अतिनील किरणांची मात्रा चौरस मीटरला १५ युनिट एवढीच असते, आपल्याकडच्या काही महिन्यांच्या उन्हाइतकी. म्हणून भारतीय मानक ब्यूरोचा शिक्का आवश्यक आहे, पण पंचवीस वर्षांच्या उन्हाबद्दल तो फारसे सांगत नाही. ‘अतिनील घट चाचणीचा स्वतंत्र अहवाल आहे का?’ हा प्रश्न कंपनीला ई-मेलने विचारता येतो. चांगल्या कंपन्यांकडे त्याचे उत्तर असते.

पॅनेल घरी आल्यावर दोन गोष्टी मागून घ्याव्यात. पहिली फ्लॅश टेस्ट रिपोर्ट. कारखान्यातून निघताना प्रत्येक पॅनेलवर दिव्याचा झोत टाकून त्याची शक्ती, व्होल्टेज आणि करंट मोजतात, आणि तो आकडा सीरियल नंबरसह नोंदतात. पॅनेलवरचे सीरियल नंबर त्या यादीशी जुळवावेत आणि प्रत्येकाचे व्होल्टेज ७२ ने भागून पाहावे. कागद टॉपकॉनचा आणि माल पर्कचा असेल तर इथेच उघड होते.

दुसरी गोष्ट बसवण्याच्या दिवशी. इन्व्हर्टरला जोडण्याआधी इलेक्ट्रिशियन पूर्ण माळेचे व्होल्टेज मल्टिमीटरने मोजतो. सहा टॉपकॉन पॅनेलची माळ २५ अंशांवर सुमारे ३०९ व्होल्ट दाखवते, सहा पर्कची सुमारे २९७. पण तापलेल्या सेलचे व्होल्टेज अंशामागे पाव टक्क्याने उतरते, म्हणजे भर दुपारी ५० अंशांवरचे टॉपकॉन २९० दाखवील आणि पर्क २७८ च्या आसपास. दुपारी २९० दिसले म्हणून ‘हे पर्क निघाले’ अशी घाई करू नये. मोजमाप सकाळी, पॅनेलवर ऊन नीट आल्यावर पण ती तापण्याआधी करायला सांगावे. ३०० व्होल्टचा डीसी करंट जीवघेणा आहे, त्यामुळे मल्टिमीटर इलेक्ट्रिशियनच्याच हातात असावा. आपण शेजारी उभे राहून आकडा, वेळ आणि हवेचे तापमान कोटेशनच्या मागे लिहून ठेवावे आणि त्याखाली त्याची सही घ्यावी. पुढे कधी वॉरंटीचा दावा करायची वेळ आली, तर पहिल्या दिवसाच्या आकड्याचा पुरावा तोच असतो.